श्री. किरण यांस

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मला दोन शब्दांचा मेल आला. ‘श्री. नाही.’ खाली नाव, ‘किरण’. एवढंच. माझ्या एकट्याला आला असता तर मी गिळून टाकला असता. पण तो रिप्लाय ऑलवर आला होता, म्हणजे बाकीच्या अकरा निमंत्रितांना, आमच्या प्राचार्यांना आणि मला कधीही नीट न ओळखलेल्या तीन समिती सदस्यांना. दुपारच्या डब्यापर्यंत आख्ख्या इमारतीला माहीत झालं होतं की मी एका बाईंना श्री. केलं.

(नाव बदललं आहे. पण अडचण तीच राहायला हवी म्हणून किरण ठेवलं आहे. शीतल किंवा शशीही चाललं असतं.)

कॉलेजात परिसंवाद होता आणि बारा वक्त्यांना निमंत्रणं पाठवायची होती. यादी कुणीतरी दिली, त्यात नाव, गाव, मोबाइल, ईमेल असे चार रकाने होते. मी मेल मर्ज लावून बारा पत्रं तयार केली आणि ती सगळी एकाच मेलला जोडून सगळ्यांना एकदम पाठवली, प्राचार्य आणि समितीला प्रत ठेवून. चूक कुठे झाली ते सांगतो, कारण ती माझी आहे आणि तशी साधी आहे. ‘श्री.’ हा शब्द मी यादीत नव्हे, पत्राच्या मजकुरातच टाइप करून ठेवला होता, नावाच्या जागेच्या अलीकडे. म्हणजे त्या जागी कुणीही येऊन बसलं तरी डोक्यावर श्री. तयार. सुनीता आणि वैशाली या दोन नावांना मी हातानं श्रीमती केलं. किरण मात्र माझ्या नजरेसमोरून पुरुष म्हणून चालत गेल्या.

आता माफीचा मेल लिहायचा होता आणि तो कुठल्या शब्दानं सुरू करायचा हा प्रश्न होता. इथे आमचे हेडक्लार्क प्रवेश करतात. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. निवृत्तीला सात महिने राहिलेत आणि कुणाचाही मेल मागे उभं राहून वाचण्याचा त्यांना परवाना आहे, असं ते स्वतःच मानतात.

“काय लिहितोयस? श्रीमती?” ते म्हणाले. “थांब. यजमान हयात असले म्हणजे?”

“भाऊसाहेब, श्रीमती कुणालाही लिहितात. सरकारी कागदावरसुद्धा.”

“सरकारचं सोड. माझ्या मोठ्या वहिनींना एकदा बँकेनं श्रीमती लिहिलं. दादा समोर बसून चहा पीत होते. तीन दिवस घरात कुणी बोललं नाही. सौ. लिही.”

“लग्न झालंय की नाही माहीत नाही.”

“मग कु.”

“त्या विभागप्रमुख आहेत. पन्नाशीच्या असतील.”

भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला. “पन्नाशीची कुमारी असू नये असं कुठं लिहिलंय? पण नको, ते टोचेल.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “गं. भा.चा तर प्रश्नच नाही.”

प्रश्न नव्हता तर काढला कशाला? पण त्यांचं बरोबर होतं. आपल्याकडे बाईच्या नावाआधीची दोन अक्षरं म्हणजे तिच्या नवऱ्याच्या तब्येतीचा जाहीर अहवाल असतो. २०२३ साली राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवांसाठी गंगा भागीरथी या शब्दाचा विचार व्हावा असं पत्र आपल्याच विभागाला लिहिलं होतं, आणि एवढा गदारोळ झाला की असा काही निर्णय झालेला नाही हा खुलासा त्यांनाच करावा लागला. पुरुषाचं काय? लग्नाआधी श्री., लग्नानंतर श्री., बायको गेल्यावरही श्री. आमच्या जातीला एक शब्द जन्मभर पुरतो. त्यामुळेच बहुधा मी तो पत्रात आधीच टाइप करून ठेवला होता.

“मा. लिही,” भाऊसाहेब म्हणाले. “माननीय. मा.वर आजवर कुणी रागावलेलं मी पाहिलेलं नाही. एकदा तर आपण फीची नोटीस ‘मा. थकबाकीदार’ म्हणून काढली होती.”

मग ते खुर्ची ओढून बसलेच. त्यांच्या वडिलांच्या काळी रा. रा. होतं, म्हणजे राजमान्य राजश्री. खाली सा. न. वि. वि. राजा नसला तरी मान्यता असायची. आणि त्याच्याही आधी म्हणे श्री मोजून लावत. त्यांनी मला एक हिंदी दोहा ऐकवला, त्याचा हिशेब असा: गुरूला सहा श्री, धन्याला पाच, शत्रूला चार, मित्राला तीन, नोकराला दोन, आणि मुलाला व बायकोला एक. नेपाळच्या राजाला श्री ५ म्हणत, आणि तिथल्या राणा पंतप्रधानांना श्री ३.

“शत्रूला मित्रापेक्षा जास्त?” मी विचारलं.

“अरे, मित्र सांभाळून घेतो. तुझ्या या किरणबाईंना आत्ता चार लागतील.”

एवढं ऐकूनही मी श्रीमतीच लिहिलं, कारण एक वाजला होता. ‘श्रीमती किरण अमुक यांस, झालेल्या चुकीबद्दल दिलगीर आहे.’ यावेळी फक्त त्यांनाच पाठवलं. वीस मिनिटांत उत्तर. ‘डॉ. चालेल.’ पुन्हा सगळ्यांना. माझा माफीचा मेल खाली जोडून.

चालेल! भाजीवाल्याकडे मेथी नसली तर शेपू चालेल, तसं. इथे मात्र मला खरोखर राग आला, आणि अजून पुरता उतरलेला नाही. दोन्ही मेलखाली त्यांची सही काय होती? ‘किरण’. आडनाव नाही, पद नाही, विभाग नाही, डॉ. तर नाहीच. ज्यांना डॉक्टर म्हणून घ्यायचं आहे त्यांनी ते सहीत लिहावं. सहीखालच्या तीन ओळी त्यासाठीच असतात. समोरच्याचं संबोधन कसं ठरवायचं, तर त्यानं स्वतःला शेवटच्या मेलात काय म्हटलंय ते बघून, हा सगळ्यात सोपा मार्ग. तो मार्ग त्यांनी बंद केला आणि वर मला भिंतीवर आपटलेला बघून हसल्या.

हो, त्यांच्या कॉलेजच्या पानावर ‘डॉ.’ होतं. दोन मिनिटं शोधलं असतं तर सापडलं असतं. ते मी नंतर पाहिलं. पीएचडी करायला माणसाला पाच-सहा वर्षं लागतात, मार्गदर्शकाच्या मागे फिरावं लागतं, प्रबंधाच्या प्रती बांधून घ्याव्या लागतात, आणि एवढं करून कुणीतरी कारकुनी हातानं श्रीमती लिहून ते सगळं पुसून टाकतो, हेही मला कळतं. बाईंच्या बाबतीत ते जास्त वेळा पुसलं जातं, हेही. त्याच यादीत चार पुरुष डॉक्टर होते, त्यांनाही मी श्री. केलं होतं, पण एकानंही तक्रार केली नाही. ब्रिटनमध्ये तर सर्जन झालेला माणूस डॉक्टर सोडून पुन्हा मिस्टर होतो आणि त्यातच मोठेपणा मानतो. आमच्या त्या चौघांना बाकीचं जग डॉक्टर म्हणतच असणार, एका निमंत्रणानं त्यांचं काही जात नव्हतं.

तिसरा मेल. भाऊसाहेब म्हणाले, “डॉ. लाव, पण श्रीमती काढू नकोस, काढलं तर वाटेल आपण मान कमी केला.” आणि मी, तोपर्यंत डोकं बाजूला ठेवलेला माणूस, ‘डॉ. श्रीमती किरण’ असं लिहून मोकळा झालो. दोन उपाध्या एका नावावर म्हणजे दोन टोप्या एका डोक्यावर. डॉ. लागला की श्री., श्रीमती, सौ. सगळे खाली उतरतात. डॉक्टर हा शब्द बाई-पुरुष काही विचारत नाही, आणि किरणसारख्या नावाला तर तो देवासारखा धावून येतो. हे मला माहीत होतं. तरी लिहिलं.

उत्तर आलं: ‘नुसतं किरण म्हणा, प्लीज.’

नुसतं किरण कसं म्हणायचं? इंग्रजीत मेल असता तर म्हटलं असतं, तिथे सहीतलं नाव म्हणजे परवानगीच. मराठीत ‘प्रिय किरण’ लिहिलं की पुढे परिसंवादाचा विषय आला तरी वाचणारा जरा थबकतो. ‘किरणताई’ म्हणावं तर नातं जोडल्यासारखं. ‘किरणजी’ला टीव्हीवरच्या सूत्रसंचालनाचा वास येतो. ‘किरण मॅडम’ हा आपला राष्ट्रीय निवारा, पण तो समोरासमोर बरा; लेखी मॅडममध्ये रजेचा अर्ज दिसतो. ‘महोदय/महोदया’ लिहिलं तर मधली ती तिरकी रेघच ओरडून सांगते की आम्हाला तुम्ही कोण ते माहीत नाही आणि शोधायचीही इच्छा नाही.

त्या रात्री जेवताना मला उत्तर सापडलं, नेहमीप्रमाणे तीन मेल उशिरा. मराठीत ते आधीपासून होतंच. ‘किरण अमुक यांना, सस्नेह नमस्कार.’ संपलं! ‘यांना’ हाच आदर आहे. त्यात अनेकवचनाचा मान आहे, आणि पुरुष की बाई, लग्न झालं की नाही, नवरा कसा आहे, यातलं काहीही तो विचारत नाही. पुढे मजकुरात ‘आपण’ ठेवायचं आणि ‘उपस्थित राहावे’ म्हणायचं. ‘प्रमुख वक्ते’, ‘वक्त्या’ असलं काही आलं की पुन्हा फसलात, म्हणून ‘आपले व्याख्यान’ म्हणायचं. ‘ताई’ आणि ‘साहेब’ फोनसाठी राखून ठेवायचे.

यादीत मी आता ‘संबोधन’ नावाचा पाचवा रकाना टाकलाय. माहीत असेल तर डॉ. किंवा प्रा., माणसानं स्वतः सांगितलं असेल तर श्रीमती वा सौ., आणि माहीत नसेल तर रिकामा. पत्राच्या मजकुरात कुणाच्याही डोक्यावर आधीपासून काही ठेवलेलं नाही. बारापैकी सात घरं रिकामी निघाली. भाऊसाहेबांना ती बघवली नाहीत; त्यांच्या मते प्रत्येक घरात निदान एक मा. तरी हवा.

चौथा मेल मी तसाच पाठवला, बिनटोपीचा. ‘किरण अमुक यांना, सस्नेह नमस्कार’. उत्तर आलं, पहिल्यांदाच फक्त मला: ‘ठीक. वेळ कळवा. किरण.’ म्हणजे पसंत पडलं असावं.

ते वाचताना मला काहीतरी खटकलं म्हणून त्यांचे चारही मेल एकाखाली एक उघडून पाहिले. श्री. नाही, डॉ. चालेल, नुसतं किरण म्हणा, ठीक. चारही मेलांत सुरुवातीला माझं नाव नाही. श्री. नाही, सर नाही, नुसतं पहिलं नावही नाही, साधा नमस्कारसुद्धा नाही. मी स्क्रीन भाऊसाहेबांकडे वळवली.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. बोटांवर काहीतरी मोजलं.

“नोकराला दोन असतात,” ते म्हणाले. “शून्याचं खातं त्या दोह्यात नाही बुवा.”