संपलेल्या व्हेपमधली बॅटरी काढावी का?

"इंग्लंडमध्ये राहतो. संपलेल्या डिस्पोजेबल व्हेपमधली बॅटरी काढून बाकीचं प्लास्टिक कचऱ्यात टाकलं तर चालेल ना?"

नाही, उघडूच नका. आतली लिथियम बॅटरी घट्ट बसवलेली असते. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटताना तिला भोक पडलं किंवा ती दबली, तर आतले दोन थर एकमेकांना टेकून शॉर्ट होतो आणि काही सेकंदांत ज्वाळा निघतात. चव संपली म्हणजे बॅटरी संपली असंही नाही. बऱ्याचदा आधी द्रव संपतो, चार्ज आत शिल्लकच असतो. कचरागाडीत बऱ्याच आगी लागतात त्या यामुळेच: गाडी कचरा दाबते, बॅटरी चिरडते, शेजारी कागद असतोच.

म्हणून आख्खा व्हेप दुकानात परत द्या. इंग्लंडमध्ये १ जून २०२५ पासून एकदाच वापरायचे व्हेप विकायला बंदी आहे, पण व्हेप विकणाऱ्या दुकानाला जुने परत घ्यावेच लागतात. नाहीतर कौन्सिलच्या रीसायकलिंग केंद्रावर न्या, घरच्या रीसायकलिंग डब्यात मात्र टाकू नका. तोवर उन्हापासून आणि हीटरपासून लांब, कोरड्या जागी ठेवा. फुगलेला, गरम लागणारा किंवा गोडसर रसायनाचा वास येणारा व्हेप खिशात घालून नेऊ नका. तो घराबाहेर मोकळ्यावर ठेवा आणि कौन्सिलला फोन करा. धूर निघत असेल तर हात न लावता लांब जा आणि ९९९ लावा.