पाकिटातल्या सुट्या गोळ्या आणि मोबाईलवरची ओळखपरेड

"हॉस्पिटलच्या औषधखिडकीतून साध्या पाकिटात सुट्या गोळ्या मिळाल्या तर घाबरू नका. गोळीचा रंग, आकार आणि तिच्यावरचा आकडा मोबाईलमध्ये टाका, नाव लगेच कळतं. नाही कळलं तरी पाकिटावर लिहिलंय तसं घेतलं की झालं. आणि शंकाच वाटली तर फेकून द्या, खोक्याशिवाय येणारा माल हलकाच असतो. सगळ्यांना पाठवा."

मी औषधखिडकीच्या आतल्या बाजूला बसणारा फार्मासिस्ट आहे, म्हणून यातल्या एकेका गोष्टीला उत्तर देतो.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण त्याला थोडक्यात उत्तर आहे. रुग्णालयं बऱ्याच गोळ्या ५०० किंवा १००० च्या डब्यात घेतात आणि रुग्णाला लागतील तेवढ्याच मोजून देतात. डब्यातून पाकिटात आल्याने गोळी हलकी होत नाही. मागे राहतो तो डब्यावरचा मजकूर: नाव, ताकद, बॅच नंबर, मुदत. काही औषधांना मात्र कागदी पाकीट खरोखर सोसत नाही. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरिनची गोळी मूळ काचेच्या बाटलीतच राहायला हवी, बाहेर तिचा जोर उतरतो. फिट्सवरची सोडियम व्हॅल्प्रोएट ओल धरते आणि चिकट होते. अशी गोळी सुटी मिळाली तर मूळ वेष्टनातली मागून घ्या. बाकी गोळ्या फक्त पाकिटातून आल्या म्हणून फेकू नका.

आता मोबाईलवरच्या शोधाबद्दल. गोळीवरच्या खुणेवरून औषध सांगणाऱ्या बहुतेक याद्या अमेरिकी औषधांच्या आहेत. तिथे १९९० च्या दशकापासून गोळीवर ओळखखूण असणं कायद्याने सक्तीचं आहे, म्हणून अशी यादी करता येते. पण तिथल्या सरकारी ग्रंथालयाने चालवलेली 'पिलबॉक्स' नावाची यादीही २०२१ मध्ये बंद झाली. इतर अनेक देशांत अशी सक्ती नाही. तिथे डब्यातून येणाऱ्या कितीतरी गोळ्यांवर मधोमध एक रेघ असते आणि दुसरं काहीच नसतं. ती रेघ अर्धी गोळी मोडण्यासाठी असते, तिच्यावरून औषध ओळखता येत नाही. 'गोल, पांढरी, मधे रेघ' या वर्णनात तापाची, रक्तदाबाची, साखरेची आणि थायरॉईडची गोळीही बसते. शोधयंत्र तरीही एखादं नाव पुढे करतंच, आणि धोका तिथेच आहे. उत्तर आलं नाही तर माणूस विचारायला तरी जातो.

मधला मुद्दा मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो: पाकिटावर लिहिलंय तसं घ्यायचं. यासाठी एकच उदाहरण पुरतं.

संधिवाताच्या रुग्णाला मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा १० मिलिग्रॅम दिलंय असं धरू. खिडकीवर २.५ मिलिग्रॅमच्या गोळ्या आहेत, म्हणजे दर सोमवारी ४ गोळ्या एकदम. या औषधाने तोंड येणं वगैरे त्रास कमी व्हावा म्हणून फॉलिक ॲसिडची ५ मिलिग्रॅमची गोळी वेगळ्या दिवशी, समजा शुक्रवारी. बऱ्याच कंपन्यांच्या या दोन्ही गोळ्या लहान, गोल आणि पिवळ्या असतात. दोन पाकिटं शेजारी ठेवली की घरच्या दिव्याखाली त्यांत फरक कळत नाही.

पाकिटावर आपण लिहितो १-०-१: सकाळ, दुपार, रात्र. या तीन खान्यांत 'आठवड्यातून एकदा' लिहायला जागाच नाही. मग ४-०-० लिहून कडेला 'सोम' लिहितात. आठवडाभर हाताळल्यावर कड मळते, 'सोम' पुसट होतं आणि उरतं ४-०-०. ते वाचणारा रोज ४ गोळ्या घेणार, म्हणजे आठवड्याला १० ऐवजी ७० मिलिग्रॅम. रोज एकच गोळी घेतली तरी आठवड्याचे १७.५ होतात. त्याहून वाईट म्हणजे मधले सहा दिवस अस्थिमज्जेला सावरायला मिळतात, तेही जातात. रक्तपेशी तयार होणं मंदावतं. आधी तोंडात फोड येतात, घसा दुखतो, ताप येतो, जुलाब लागतात, अंगावर निळे डाग उठतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर हे आणखी लवकर होतं. यात माणसं दगावलेली आहेत. अशी लक्षणं दिसली तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी पाकिटासकट रुग्णालय गाठायचं. तिथे रक्तपेशी मोजतात आणि फोलिनिक ॲसिड देतात. घरातलं फॉलिक ॲसिड त्याची जागा घेऊ शकत नाही.

याच पाकिटावर नुसतं 'मेथो १०' लिहिलेलं असू शकतं. हे १० म्हणजे ताकद, की मोजून दिलेल्या गोळ्या, की दिवस? आणि पुढच्या महिन्यात खिडकीवर १० मिलिग्रॅमची गोळी आली आणि रुग्णाने सवयीने चार घेतल्या, तर ४० मिलिग्रॅम पोटात गेलं. रंग तोच, पाकीटही तसंच.

मग ओळख पटवायची कशी? ज्या डब्यातून गोळ्या मोजल्या त्या डब्यापर्यंत मागे जाऊन. खिडकी सोडण्याआधी फार्मासिस्टला सांगा, "यावर पूर्ण नाव आणि ताकद लिहून द्या, आणि डबा एकदा दाखवा." डब्यावरचं नाव, बॅच आणि मुदत पाकिटावर उतरवून घ्या किंवा फोटो काढा. वर रुग्णाचं नाव आणि तारीख हवी. मग केसपेपर समोर धरून प्रत्येक पाकिटाला विचारा: हे कशासाठी, किती गोळ्या, कोणत्या वारी? आठवड्याच्या औषधावर वार पूर्ण अक्षरांत लिहून घ्या, 'सोमवारीच, रोज नाही' असं. हे विचारण्यात संकोच नको. गर्दीत आमच्याही हातून चूक होते आणि असा प्रश्न विचारणारा माणूस ती पकडतो.

घरी गेल्यावर नव्या गोळ्या जुन्या पाकिटात ओतू नका आणि दोन पाकिटं एकत्र करू नका. पाकीट रिकामं झालं तरी पुढच्या खेपेपर्यंत जपा. गोळीचा रंग किंवा आकार बदललेला दिसला तर पहिली गोळी घेण्याआधी विचारा.

आणि पाकीट मुक्कामी पोचल्यावर अक्षरच लागलं नाही तर? चव घेऊन, वास घेऊन किंवा पाण्यात विरघळवून काहीही कळत नाही. गोळ्या पाकिटातच ठेवा, मुलांच्या हाती लागू देऊ नका. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांपैकी एक जरी लहान मुलाने गिळली तरी त्याची साखर धोकादायक उतरू शकते, तीही काही तासांनी. पण 'कळेपर्यंत बंद' म्हणून आठवडाभर थांबणंही चालत नाही. फिट्सची औषधं, बरेच दिवस चाललेले स्टेरॉइड, हृदयाचे ठोके कमी करणाऱ्या काही गोळ्या एकदम थांबल्या तर त्यानेच माणूस आजारी पडतो. तेव्हा त्याच दिवशी रुग्णालयाला फोन करा, केसपेपरवरचा नंबर आणि तारीख सांगा. तेवढ्यावरून त्या दिवशी काय लिहून दिलं होतं ते नोंदीत सापडतं. पाकिटात नेमकं तेच गेलं का, हे मात्र गोळी डब्याशी ताडूनच कळेल, म्हणून पाकीट घेऊन खिडकीवर या.