समन्स न घेतल्याने दावा थांबत नाही

"कोर्टाचं समन्स आलं तर घेऊच नका. सही केली नाही की दावा पुढे सरकतच नाही. एकतर्फी निकाल लागलाच, तर 'मला समन्स मिळालं नाही' म्हणून तो केव्हाही रद्द करून मिळतो."

सहीचं आधी. तुम्ही नकार दिलात तर बेलीफ समन्सची प्रत दारावर डकवतो आणि तसा अहवाल कोर्टात देतो. पोस्टाचं पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत गेलं, तरी बजावणी झाली असं कोर्ट धरतं. सतत टाळत राहिलात तर वर्तमानपत्रातून जाहीर समन्स निघू शकतं. दिवाणी प्रक्रिया संहितेत या सगळ्या वाटा आधीच आहेत.

खरं नुकसान त्यानंतर होतं. समजा, तुम्ही 2,00,000 रुपये उसने घेतले आणि त्यातले 80,000 बँकेतून परत केले. तरीही समोरच्याने पूर्ण 2,00,000 चा दावा लावला. तुम्ही हजर झालात तर समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचं लेखी उत्तर, द्यायची असते. कारण दाखवलं तर कोर्ट ही मुदत 90 दिवसांपर्यंत वाढवू शकतं. कैफियतीत 80,000 फेडल्याचं स्पष्ट लिहा आणि बँकेचा उतारा जोडा. वादीचं जे विधान तुम्ही नेमकेपणाने नाकारत नाही, ते कबूल धरलं जाऊ शकतं. मग कोर्ट मुद्दे काढतं, म्हणजे वाद नेमका कशावर आहे ते ठरवतं. इथे एक मुद्दा असेल: 80,000 फेडले हे प्रतिवादीने सिद्ध केलं का? पुरावा, उलटतपास आणि युक्तिवाद त्याभोवतीच फिरतात. उतारा टिकला तर हुकूमनामा, म्हणजे निकालानुसार कोर्टाचा आदेश, 1,20,000 चा होईल, वर व्याज-खर्च कोर्ट ठरवेल तसा.

गैरहजर राहिलात तर दावा एकतर्फी चालतो. वादीला तेव्हाही पुरावा द्यावाच लागतो, कोर्ट डोळे मिटून निकाल देत नाही. पण वादीची उलटतपासणी घेणारं कोणी नसतं आणि तुमचा उतारा घरच्या कपाटातच राहतो. कोर्टासमोर न आलेला कागद न्यायाधीश कसा विचारात घेणार? हुकूमनामा पूर्ण 2,00,000 चा होऊ शकतो.

राहिला 'केव्हाही रद्द'चा भाग. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून मागता येतो, पण अर्ज हुकूमनाम्यापासून 30 दिवसांत करावा लागतो. समन्स खरोखरच रीतसर बजावलं गेलं नसेल, तर हे 30 दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. तारीख तुम्हाला माहीत होती आणि हजर राहायला पुरेसा वेळ होता हे दिसलं, तर बजावणीतल्या किरकोळ त्रुटीवर हुकूमनामा रद्द होत नाही. दारावर डकवल्याचा बेलीफचा अहवाल वादी तेव्हाच पुढे करतो.

निकाल अजून लागलेला नसेल, तर पुढच्या तारखेला हजर होऊन गैरहजेरीचं सबळ कारण सांगा. एकतर्फीचा आदेश मागे घेऊन कोर्ट तुमचं ऐकू शकतं.