वॉचमन बदलला

मागच्या सोमवारी दादरच्या पुलावर उभा राहून लोकलचं ॲप उघडलं, तर प्लॅटफॉर्म दिसायच्या आधी स्क्रीनभर जाहिरात, 'पाच मिनिटात कर्ज', आणि बंद करायची फुली तांदळाच्या कणीएवढी, ती दाबायला गेलो तर दुसरंच ॲप डाउनलोड करायचं पान उघडलं. ठाणे फास्ट गेली.

त्याच रात्री सेटिंग्जमध्ये घुसलो. अँड्रॉइड 9 पासून नेटवर्कच्या भागात Private DNS म्हणून एक ऑप्शन असतो. तिथे मी जाहिराती अडवणाऱ्या एका सर्व्हरचा पत्ता आधी https:// लावून टाकला, घेईना. मग आकडेवाला आयपी टाकला, तोही घेईना. त्याला नुसतं नाव लागतं:

```
dns.adguard-dns.com
```

डीएनएस म्हणजे सोसायटीचा वॉचमन हो. प्रत्येक ॲप आधी त्याला विचारतं, अमुक सर्व्हर कुठे राहतो? हा नवीन वॉचमन जाहिरातवाल्यांचं आणि ट्रॅकरवाल्यांचं नाव ऐकलं की सरळ सांगतो, असं कोणी इथे राहत नाही. म्हणून एकदा सेट केलं की सगळ्या ॲप्सना लागू. यूट्यूबवर मात्र ह्याचं काही चालत नाही, तिथे जाहिरात आणि व्हिडिओ एकाच फ्लॅटमध्ये राहतात, एकाला अडवलं तर दुसराही बाहेर.

उत्साहात आईच्या फोनलाही तेच टाकलं.

मंगळवारी ऑफिसात वायफाय लावला आणि फोन मेला. वायफायची दांडी फुल, खाली Private DNS server cannot be accessed, आणि ना मेल ना व्हॉट्सॲप. मी राउटरला शिव्या घातल्या, फोन दोनदा रीस्टार्ट केला. शेवटी वायफाय बंद करून मोबाईल डेटावर गेलो तर सगळं धडाधड चालू! म्हणजे वॉचमन ठीक होता, त्याच्याकडे जायचा रस्ताच बंद होता. ही विचारपूस पोर्ट 853 वरून होते आणि आमच्या ऑफिसच्या फायरवॉलने तो अडवलेला. आणि नाव टाकून सेट केलं की फोन इतका हट्टी होतो की तो वॉचमन भेटला नाही तर दुसऱ्या कोणाला विचारतच नाही. आता ऑफिसात शिरताना Automatic करतो, निघताना परत नाव टाकतो. म्हणजे टाकायचं असतं, विसरतो, आणि मग पुलावर पुन्हा कर्ज.

घरी आलो तर आई दारातच.

"काय केलंस रे माझ्या फोनला? जाहिरात लागतच नाही!"

"अगं आई, तेच तर केलंय."

"मग माझी नाणी?"

तिच्या गेममध्ये जाहिरात बघितली की 50 नाणी मिळतात म्हणे. बटण दाबलं की नुसतं गोल गोल फिरत राहायचं. आदल्या रात्रीपासून ती एकाच लेव्हलवर अडकली होती आणि शेजारच्या काकू पुढे गेल्या होत्या, हे जास्त लागलेलं.

तिच्या फोनला Automatic करून दिलं. आता रात्री साडेदहाला आतल्या खोलीतून 'पाच मिनिटात कर्ज' ऐकू येतं, आणि मागोमाग आईचा आवाज, "ह्या बाईची साडी बघ रे, कुठे मिळते ते तुझ्या वॉचमनला विचार."