वन स्टार रिव्ह्यूला उत्तर टाइप करण्याआधी हे वाचा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या काही डॉक्टरांच्या क्लिनिकची गुगल प्रोफाइल मी सांभाळतो. नवीन डॉक्टर भेटले की पहिला प्रश्न ठरलेला, रेटिंग कसं वाढवायचं आणि रील्स कधी चालू करायच्या. आणि माझं पहिलं काम पण ठरलेलं, त्यांनी आधीच्या रिव्ह्यूंना दिलेली उत्तरं उघडून वाचायची. खरा घोळ तिथेच असतो ओ, रील्समध्ये नंतर.

एक केस सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. एक स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम, स्वतःची छोटी क्लिनिक, ओपीडीला गर्दी. एका बाईने वन स्टार दिला आणि लिहिलं की दोन तास बसवलं, उगाच सोनोग्राफी करायला लावली, रिसेप्शनवरची पोरगी नीट बोलत नाही. एवढंच. स्वतःच्या पूर्ण नावाने आणि फोटोसकट. मॅडमना राग आला, साहजिक आहे, त्या दिवशी मधेच एक इमर्जन्सी डिलिव्हरी आली होती. रिसेप्शनने लगेच उत्तर लिहून तयार ठेवलं:

"ताई, तुम्ही मंगळवारी अपॉइंटमेंट न घेता आला होतात. तिसरा महिना असून आधीचे रिपोर्ट आणले नव्हते म्हणून सोनोग्राफी परत करावी लागली. मागच्या वेळी तुम्हाला झालेला त्रास बघून मॅडमनी जास्तच वेळ दिला, तरी असं लिहिता हे बरं नव्हे."

नशीब, पोस्ट करायच्या आधी मला व्हॉट्सअपवर पाठवलं.

आता हे उत्तर बाईची नणंद वाचतेय असं समजा. बाईने रिव्ह्यूमध्ये गरोदर असल्याचं कुठेही लिहिलेलं नाही, सोनोग्राफी काय पोटात दुखलं तरी करतात. आपल्याकडे तिसरा महिना सरेपर्यंत घराबाहेर कोण बोलत नाही, कधी कधी घरात सुद्धा सगळ्यांना माहीत नसतं. इथे क्लिनिकने महिना सांगितला, वार सांगितला आणि "मागच्या वेळचा त्रास" म्हणजे काय हे कळायला वाचणाऱ्या बाईला डॉक्टर व्हायची गरज नाही. वरनं येळ्ळूर काय, हिंडलगा काय, नाव आणि फोटो दिसला की कुणाची सून हे दोन मिनिटांत कळतंय. नंतर डिलीट करू म्हणाल तर उत्तर दिल्याचं नोटिफिकेशन लिहिणाऱ्याला जातं, आणि स्क्रीनशॉट काढणारे आपल्याकडे कमी नाहीत.

मॅडमचं म्हणणं होतं, तिनेच आधी पब्लिकमध्ये लिहिलं ना, मग मी माझी बाजू मांडायची नाही का? मांडा की, पण तिची फाइल न उघडता मांडा. पेशंटने आपल्याबद्दल काय सांगायचं हे तो ठरवतो, त्याने थोडं सांगितलं म्हणून उरलेलं सांगायची परवानगी डॉक्टरला मिळत नाही. 2002 चे मेडिकल कौन्सिलचे आचारसंहितेचे नियम अजून लागू आहेत, त्यात 7.14 हे कलम वाचा. पेशंटचं गुपित कधी उघड करता येतं तर कोर्टात न्यायाधीशांच्या आदेशाने, कुणा विशिष्ट माणसाला किंवा समाजाला गंभीर धोका असला तर, आणि सरकारला कळवायच्या रोगांच्या बाबतीत. रेटिंग पडलं हे कारण त्यात नाही. 2023 च्या ऑगस्टमध्ये नवीन नियम आले होते, त्यात सोशल मीडियाचा वेगळा भाग होता, पेशंटकडून शिफारशी मागू नका, टाकू नका असं पण होतं, पण ते त्याच महिन्यात स्थगित झाले. म्हणून काही डॉक्टर म्हणायलेत, सोशल मीडियावर आता नियमच नाही. तसं नाही ओ. गुपिताचा नियम जागा बघत नाही, वहीत काय आणि गुगलवर काय.

मग आम्ही जे टाकलं ते असं: "आमच्याकडे कोण आलं, कशासाठी आलं याबद्दल आम्ही इथे कधीच बोलत नाही. तातडीची डिलिव्हरी आली की ओपीडी थांबवावी लागते, अशा वेळी बाहेर बसलेल्यांना किती उशीर होईल ते सांगायची सोय करत आहोत. कोणाचीही तक्रार असेल तर क्लिनिकच्या नंबरवर दुपारी 3 ते 4 फोन करा, मॅडम स्वतः बोलतील."

उत्तर बरोबर आहे का हे बघायची माझी एक साधी पद्धत आहे. हेच उत्तर, कधीच क्लिनिकमध्ये न आलेल्या माणसाच्या खोट्या रिव्ह्यूखाली जसंच्या तसं चालेल का? चालत असेल तर टाका. "तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व" हे पण या परीक्षेत नापास होतं, कारण त्यातून ती तुमची पेशंट आहे हे तुम्ही कबूल केलंत. आणि फाइलमधला नंबर काढून तिला फोन पण लावायचा नाही, रिव्ह्यू काढा म्हणून तर अजिबात नाही. तो नंबर उपचारासाठी दिलेला असतो आणि बऱ्याच वेळा तो नवऱ्याचा असतो!

फाइव्ह स्टारला पण हेच लागू. कुणी फक्त "बेस्ट डॉक्टर" लिहिलं आणि तुम्ही खाली "थँक यू ताई, बाळ कसं आहे?" टाकलं की झालं तेच. फरक एवढाच की इथे कुणी भांडायला येत नाही, म्हणून लक्षात येत नाही. चांगला रिव्ह्यू दिला तर फीमध्ये सूट, हे तर गुगलच्या स्वतःच्या पॉलिसीत पण बसत नाही.

फोटोंचं थोडक्यात. डिस्चार्जच्या वेळी आई, बाळ, मॅडम असा फोटो काढून टाकायची फॅशन आलीय. एका फोटोत चेहरे ब्लर केलेले आणि मागे कॉटवरची पाटी स्पष्ट, नाव, वय, गाव, सिझेरियनची तारीख. काय उपयोग त्या ब्लरचा? ओळख पटेल असा फोटो परवानगीशिवाय छापायचा नाही हे 7.17 मध्ये आहेच, आणि टाके काढायच्या आधी मागितलेल्या परवानगीला नाही म्हणायची हिंमत किती जणींना होते ते मॅडमनीच सांगावं.

मग प्रोफाइलवर टाकायचं काय? गंमत म्हणजे त्याच 2002 च्या नियमांत डॉक्टरने वर्तमानपत्रात कशाची जाहीर सूचना द्यायला हरकत नाही याची यादी आहे. प्रॅक्टिस सुरू केली, पत्ता बदलला, काही दिवस नाही, परत आलो, फी किती. पेशंट ओढायला जाहिरात चालत नाही, पण एवढं सांगायला कुणी अडवलेलं नाही, आणि चंदगड, गडहिंग्लजकडून एसटीने येणाऱ्या बाईला हेच पाहिजे असतं. मॅडम गुरुवारी दुपारनंतर नसतात हे गुगलवर नसलं की ती दोन एसट्या बदलून येते आणि बंद दार बघून परत जाते. मग जो वन स्टार येतो तो बरोबरच असतो.

तेवढं तर आजच करून टाका. प्रोफाइलमध्ये एडिट उघडून नेहमीची वेळ बघा, खाली स्पेशल अवर्समध्ये सुट्ट्या टाका, मराठी आणि कन्नड दोन्हीत फोनवर बोलता येतं ते वर्णनात लिहा, रजिस्ट्रेशन नंबर आणि फी पण. गणपतीला क्लिनिक किती दिवस बंद आहे ते आदल्या आठवड्यातच टाका, बेळगावात त्या दिवसांत रिक्षा मिळायची मारामार असते आणि पोटुशी बाई चालत येते.