साडू व्हेंडरकडे भागीदार झाला, तर साहेबांना काय लिहायचं?

आपल्याकडे नोकरीत ‘कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट’ म्हटलं की माणूस आधी घाबरतो आणि मग स्वतःचा बचाव लिहायला बसतो. माझं म्हणणं असं की ही दोन्ही कामं बाजूला ठेवावीत आणि फक्त माहिती द्यावी. नातं असणं हा गुन्हा नाही. आपली खुर्ची आणि आपलं नातं एका जागी येऊन ठेपलं आहे, एवढीच ती गोष्ट असते. पुढे काम कसं वाटायचं हे साहेबांना ठरवायचं असतं आणि त्यासाठी त्यांना आपल्या सचोटीचं प्रमाणपत्र लागत नाही, तपशील लागतात.

मी बरीच वर्षं इंटर्नल ऑडिटमध्ये काढली, आता चाकणच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. अलीकडचंच एक प्रकरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

आमच्याकडे शीट मेटलचे ब्रॅकेट पावडर कोटिंगला बाहेर जातात. दोन व्हेंडर आहेत आणि महिन्याचं काम त्यांच्यात ६०:४० असं विभागलेलं असतं. हे काम बघणारा इंजिनिअर एका रविवारी घरच्या साखरपुड्याला गेला. तिथे गप्पांत कळलं की त्याचा साडू त्यातल्या साठ टक्केवाल्या फर्ममध्ये जुलैपासून भागीदार झाला आहे. फर्म आमच्याकडे आधीपासूनची, साडू नवा. सोमवारी सकाळी तो मेलचा मसुदा घेऊन माझ्याकडे आला. साहेबांना पाठवण्याआधी एकदा बघा म्हणाला.

मसुद्याची सुरुवातच अशी होती: “सर, मी इतकी वर्षं प्रामाणिकपणे काम केलं आहे आणि कोणत्याही व्हेंडरला कधीही झुकतं माप दिलेलं नाही.” पुढे होतं की या फर्मचे रेट सगळ्यात कमी आहेत, कोणतीही चौकशी करा, माझी तयारी आहे. साडूचा उल्लेख तिसऱ्या परिच्छेदात, तोही “माझे एक दूरचे नातेवाईक” असा.

हा मुलगा खरंच सरळ आहे. पण हा मेल वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो ‘हा एवढं का सांगतोय?’ असाच. बचाव आधी आला की आरोप कुठेतरी असणार असं वाचणारा धरून चालतो. आणि ‘दूरचे नातेवाईक’ म्हणजे बायकोच्या सख्ख्या बहिणीचा नवरा, हे उद्या कुणी दुसऱ्याने सांगितलं, तर अख्खा मेल खोटा ठरतो.

‘रेट सगळ्यात कमी आहेत’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं, कारण ऑडिटमध्ये ते मी फार वेळा ऐकलं आहे. कमी रेटने काहीच सिद्ध होत नाही. खरेदीत मर्जी दाखवायच्या जागा रेटच्या आधी आणि नंतर असतात. कोटेशनची मागणी कुणाकुणाला पाठवली, कोटेशनला किती दिवस दिले, टार्गेट प्राइस कुणाच्या कानावर गेली, कोटिंगची जाडी कमी भरली तेव्हा लॉट परत पाठवला की डेव्हिएशन, म्हणजे त्या उणिवेपुरती सूट, घेऊन वापरला, साठ टक्क्यांचे सत्तर कधी झाले, ऑर्डर मिळाल्यावर दोन महिन्यांत रेट वाढवून दिला का, बिल कुणाचं आधी सुटलं. यातलं काहीही तुलनातक्त्यात दिसत नाही. म्हणून जाणकार साहेब रेट बघून निश्चिंत होत नाही. या माणसाचा हात या साखळीत कुठे कुठे लागतो, हे तो बघतो. मेलने नेमकं तेच सांगायला हवं.

आम्ही बसून मेल पुन्हा लिहिला. तो इंग्रजीत गेला, इथे मराठीत देते:

“सर, आपल्या पावडर कोटिंगच्या दोन व्हेंडरपैकी एका फर्ममध्ये माझे साडू, म्हणजे पत्नीच्या सख्ख्या बहिणीचे यजमान, १ जुलैपासून भागीदार आहेत. हे मला काल, ९ नोव्हेंबरला कळलं. त्यांचा हिस्सा किती आहे हे मला माहीत नाही. माझा किंवा माझ्या पत्नीचा फर्ममध्ये पैसा नाही.

या व्हेंडरचं महिन्याचं शेड्यूल, कामाची विभागणी आणि रेट सुधारणेचा प्रस्ताव ही कामं माझ्याकडे आहेत. १ जुलैनंतर या फर्मची एक रेट सुधारणा झाली: १८ ऑगस्टला, प्रति नग १४ रुपयांवरून १४ रुपये ६० पैसे. प्रस्ताव माझा होता, मंजुरी आपली. डिसेंबरची विभागणी २० तारखेपर्यंत ठरवायची आहे.

आपली सूचना येईपर्यंत मी या व्हेंडरचं कोणतंही काम पुढे नेत नाही. आज दुपारी माल उचलायचा आहे, त्यापुरतं कुणाला सांगू ते कळवावं. पुढची व्यवस्था कृपया लेखी कळवावी.”

बस, एवढंच. यात ‘प्रामाणिक’ हा शब्द एकदाही नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो १८ ऑगस्टच्या ओळीवर. त्याला ती नको होती. “मला तेव्हा माहीतच नव्हतं, मग कशाला लिहायचं?” असं त्याचं म्हणणं. लिहायचंच म्हटल्यावर त्याला सोबत चार ओळींचं स्पष्टीकरण हवं होतं: पावडरचे भाव वाढले होते, दुसऱ्या व्हेंडरलाही वाढ दिली होती, वगैरे. मी म्हटलं, तारीख, रक्कम, प्रस्ताव कुणाचा, मंजुरी कुणाची, एवढं लिही आणि थांब. साहेबांना शंका आली तर ते फाइल मागवतील, पावडरच्या भाववाढीची पत्रं फाइलमध्ये आहेतच. कारण विचारल्यावर दिलं की ते उत्तर असतं, न विचारता दिलं की ती सफाई वाटते. पण ती ओळ गाळायची नाही. पुढे कधी कुणी १ जुलैनंतरचे व्यवहार काढले तर ही सुधारणा दिसणारच. तेव्हा ती मेलमध्ये आधीच आहे आणि ती मेलमध्ये नाही, या दोन परिस्थितींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

हिश्श्याबद्दल ‘माहीत नाही’ असंच ठेवलं, तेही मुद्दाम. त्याचा विचार होता की आधी साडूला फोन करून भागीदारीच्या कराराची प्रत मागवावी आणि मग पूर्ण माहितीसह मेल करावा. ते मी करू दिलं नाही. त्यात आठवडा गेला असता, आणि त्या आठवड्यात हा मुलगा सगळं माहीत असून शेड्यूल काढत राहिला असता. शिवाय मेलच्या आधी साडूशी बोलणं म्हणजे व्हेंडरला आपल्या आतल्या हालचालीची खबर देणं. कंपनीला हिस्सा जाणून घ्यायचा असेल तर ती व्हेंडरकडून रीतसर घोषणा मागवू शकते. साडूचं कर्ज, घरातले पैशाचे व्यवहार, हे साहेबांना सांगायची गरजच नाही.

इथे काहीजण विचारतात, साडू ‘नातेवाईक’ धरला जातो का? कंपनी कायदा, २०१३ मधल्या व्याख्येत नवरा-बायको, एकत्र हिंदू कुटुंबाचे सदस्य आणि नियमांत दिलेली आई-वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण ही नाती आहेत. साडू त्यात नाही, मेहुणाही नाही. पण ती यादी प्रामुख्याने संचालक आणि कंपनीशी संबंधित पक्षांच्या व्यवहारांसाठी आहे. खरेदी विभागातल्या इंजिनिअरला लागू होते ती कंपनीची आचारसंहिता, आणि तिची भाषा बहुधा याहून व्यापक असते. माझी कसोटी साधी आहे: उद्या दिवाळीच्या फराळाला या माणसासमोर बसायचं असेल आणि आज त्याचा लॉट रिजेक्ट करायला हात अडखळणार असेल, तर साहेबांना कळवा. व्याख्येत बसत नाही म्हणून गप्प राहिलेल्या माणसाची बाजू चौकशीत फार लंगडी पडते.

सरकारी नोकरीत तर ही रीत कधीची लिहिलेली आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४च्या वर्तणूक नियमांतला चौथा नियम सांगतो की कुटुंबातली व्यक्ती एखाद्या फर्ममध्ये नोकरीला असेल किंवा कंत्राटात तिचा हितसंबंध असेल, तर कर्मचाऱ्याने ते प्रकरण स्वतः हाताळू नये, वरिष्ठाकडे पाठवावं आणि मग वरून येईल त्या सूचनेप्रमाणे ते निकाली निघावं. मला यात आवडतं ते हे की निकाल कर्मचाऱ्याने स्वतःच लावायचा नाही. “मी यात पडत नाही, तुम्ही काळजी करू नका” असा मेल म्हणूनच अर्धवट असतो. आपण हात काढून घ्यायचा, पण पुढची व्यवस्था आपण ठरवायची नाही.

आमच्या साहेबांनी त्याच संध्याकाळी उत्तर दिलं. विभागणी, रेट आणि डेव्हिएशनच्या शिफारशी दुसऱ्या इंजिनिअरकडे गेल्या. सिस्टीममध्ये त्या व्हेंडर कोडवर ऑर्डर रिलीज करण्याचा याचा अधिकार काढला. जुलैपासूनच्या ऑर्डरी आणि ऑगस्टची सुधारणा फायनान्सने एकदा पाहून घ्यावी असंही त्यात होतं. ते वाचून याचा चेहरा पडला, अविश्वास दाखवला असं त्याला वाटलं. मला ते बरोबर वाटलं आणि आजही वाटतं. ती तपासणी झाल्यामुळेच त्या तीन-चार महिन्यांबद्दल आता कुणी कुजबुजत नाही. दुसऱ्या व्हेंडरलाही त्याच महिन्यात तेवढीच वाढ दिली होती, हे फायनान्सने स्वतःच फाइलमधून काढलं. आमच्या मुलाला ते सांगावंही लागलं नाही.

सगळेच साहेब असे नसतात. बरेचजण तोंडी म्हणतात, “अरे ठीक आहे, तू चांगला मुलगा आहेस, चालू दे.” हे ऐकायला बरं वाटतं, पण साहेब बदलले की या वाक्याला कुणी साक्षीदार उरत नाही. तेव्हा त्याच दिवशी दोन ओळी पाठवाव्यात: “सर, आज बोलल्याप्रमाणे अमुक व्हेंडरचं शेड्यूल मी पाहत राहीन, रेट आणि विभागणीचा निर्णय आपण घ्याल. यात बदल असल्यास कळवावं.” सगळंच ‘चालू दे’ असं असेल तरी रेट आणि विभागणी आपणहून त्यांच्या टेबलावर ठेवावी, कारण नंतर विचारलं जातं ते त्या दोनच गोष्टींबद्दल.

आणि एप्रिलमध्ये भरलेल्या वार्षिक घोषणेच्या फॉर्मवर विसंबू नये. याने एप्रिलमध्ये ‘नाही’ लिहिलं होतं आणि तेव्हा ते खरंच होतं, साडू आला जुलैमध्ये. फॉर्म त्या तारखेपुरता असतो, पुढचं आपल्याला कळेल तेव्हा आपणच कळवायचं. उद्या साडू भागीदारीतून बाहेर पडला तरी तसंच: तारखेसह एक मेल, आणि साहेबांचं लेखी उत्तर येईपर्यंत त्या व्हेंडरच्या कामाला हात लावायचा नाही.