सूट द्या, पण पाचशे टक्के द्या

उदार व्हायचे असेल तर मनाने मोठे असण्याची गरज नाही. एक्सेलच्या चौकटीत सुटीच्या रकान्याखाली नुसता 5 हा आकडा टाकून पुढे जावे. बाकीचे औदार्य संगणक दाखवतो. ज्यांना हा मार्ग ठाऊक नाही, अशा होतकरू दुकानदारांसाठी आणि त्यांच्या हाताखालच्या मंडळींसाठी मी पुढील सूचना करीत आहे. मागच्याच आठवड्यात त्या आमच्या दुकानात यशस्वीपणे वापरून झाल्या आहेत.

आमचे दुकान सांगलीत गणपती पेठेजवळ आहे आणि ठिबकचे साहित्य विकते. ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार पाहुणे आले. त्यांच्यासाठी पंधरा ओळींचे कोटेशन करायचे होते आणि सगळ्या मालावर शेकडा पाच सूट ठरली होती. हे काम मी आमच्या तरुण सहकाऱ्याकडे सोपवले. माझी पहिली सूचना म्हणजे तुम्हीही असेच सोपवावे आणि रात्री साडेनऊला न वाचता ते पाठवून द्यावे.

दुसरी सूचना अशी की, एखादी ओळ जुन्या फाईलमधून आणून चिकटवावी. आमच्या कोटेशनातल्या पहिल्या चौदा ओळींच्या सुटीच्या चौकटी टक्क्यांसाठी आधीच तयार केलेल्या होत्या. अशा चौकटीत 5 टाकले की एक्सेल ते 5% समजून घेते आणि आत 0.05 ठेवते. पंधरावी ओळ फिल्टरची होती आणि ती मागच्या वर्षीच्या फाईलमधून आली होती. तिची चौकट साधी असल्यामुळे तिथे टाकलेले 5 हे नुसते पाचच राहिले. आपण मनात म्हटलेला ‘शेकडा’ यंत्राला ऐकू येत नाही. त्याच्या लेखी पाच म्हणजे पाचपट, आणि पाचपट म्हणजे पाचशे टक्के. रक्कम काढणारे सूत्र मात्र सगळ्या ओळींना एकच होते:

```
=B16*(1-C16)
```

फिल्टरची किंमत 12,400 रुपये होती. सूट 620 रुपये जाऊन 11,780 राहायला हवे होते. त्याऐवजी 62,000 रुपये सूट मिळाली आणि त्या ओळीत उणे 49,600 ही रक्कम आली. आता यातली खरी गंमत पाहावी. बाकीच्या चौदा ओळींची मूळ किंमत 1,80,000 होती आणि सूट जाऊन ती बरोबर 1,71,000 झाली होती. त्यातून 49,600 वजा होऊन खाली बेरीज आली 1,21,400. हा आकडा पाहून कोणाचे डोळे पांढरे होतील? कोणाचेच नाही. खरी बेरीज 1,82,780 होती, म्हणजे 61,380 रुपयांचा फरक एका साध्यासुध्या दिसणाऱ्या आकड्याच्या पोटात मुकाट्याने बसला होता. (जीएसटीचा विषय मी जाणूनबुजून बाजूला ठेवतो, कारण माझा रक्तदाब.)

आम्ही फक्त बेरीज पाहिली. बागायतदारांनी ओळ न् ओळ वाचली. सकाळी सातला फोन आला, “साहेब, फिल्टर घेतला की वर पन्नास हजार देताय म्हणे. मग दोन फिल्टर द्या आणि पाईप राहू द्या.”

तिसरी सूचना: चूक सापडली की विचार न करता % हे बटण दाबावे.

आमच्या सहकाऱ्याने तेच केले आणि फिल्टरच्या ओळीत ठसठशीत 500% उमटले. बटण आकड्याचा फक्त पोशाख बदलते, आतला पाच पाचच राहतो. हे पाहून त्याला साक्षात्कार झाला की शंभराने भागायचे राहून गेले आहे. मग त्याने पंधराही ओळींचे सूत्र बदलले:

```
=B2*(1-C2/100)
```

फिल्टरची रक्कम लगेच 11,780 झाली आणि तो निर्धास्तपणे चहाला गेला. मात्र वरच्या चौदा ओळींत आधीच 0.05 होते. त्यांना पुन्हा शंभराने भागल्यावर सूट उरली शेकडा पाच पैसे. पडद्यावर मात्र प्रत्येक ओळीत 5% असेच दिसत होते. 9,000 रुपयांच्या जागी 90 रुपये सूट मिळाली आणि नवी बेरीज झाली 1,91,690, म्हणजे खऱ्यापेक्षा 8,910 रुपये जास्त. उणे रक्कम निदान ओरडून सांगते की काहीतरी बिघडले आहे. ही दुसरी चूक सभ्य कपडे घालून येते, म्हणून ती पहिलीपेक्षा वाईट आहे. दुसरे कोटेशन गेले आणि दुसरा फोन आला, “काल पैसे देत होता, आज सूटसुद्धा काढून घेतली?” मी काय उत्तर देणार होतो?

चौथी सूचना: चौकटीत ‘5 टक्के’ असे अक्षरांत लिहावे, म्हणजे रकमेच्या जागी #VALUE! येते आणि ग्राहकाला इंग्रजी शिकायला मिळते.

पाचवी सूचना: अडीच टक्के सूट द्यावी, पण दशांश स्थळे लपवून ठेवावीत, म्हणजे कागदावर 3% दिसेल आणि ग्राहक कॅल्क्युलेटर घेऊन दारात येईल.

आता थट्टा पुरे. मला सरळच बोलायचे आहे. अरे, टक्क्याचे चिन्ह टाकायला बोट झिजते का? 5% असे चिन्हासह टाकले तर चौकट साधी असली तरी एक्सेल ते 0.05 म्हणूनच घेते. इतके केले असते तर मला दोनदा माफी मागावी लागली नसती. नाहीतर आकडे भरण्याआधी तो सगळा रकाना निवडून Format Cells मध्ये Percentage करावा. आधी आकडा भरून मागून टक्के केले की पाचशेच होणार, हे आता तरी लक्षात ठेवा. Data Validation लावून 0 ते 0.25 एवढीच मुभा ठेवता येते, पण चिकटवलेल्या ओळीला ते अडवत नाही आणि आमची ओळ तर चिकटवलेलीच होती. म्हणून कोटेशन पाठवण्याआधी एका रिकाम्या चौकटीत हे लिहा:

```
=COUNTIF(C2:C16,">=1")
```

उत्तर शून्य आले नाही तर फाईल पाठवू नका. बिघडलेली चौकट सुधारायची असेल तर सूत्राला हात लावू नका. रिकाम्या जागी 100 लिहून ते कॉपी करा, फक्त बिघडलेल्या चौकटी निवडा आणि Paste Special मध्ये Values व Divide या दोन्हींवर खूण करा. सगळा रकाना निवडलात तर आमच्या चहावाल्या पराक्रमाचीच पुनरावृत्ती होईल. आणि बेरीज पाहून समाधान मानू नका, एक तरी ओळ हाताने करून पाहा. बारा हजार चारशेचे शेकडा पाच काढायला संगणक लागतो, असे म्हणणाऱ्याने गल्ल्यावर बसूच नये.

तिसरे कोटेशन मी स्वतः केले, 1,82,780 रुपयांचे. बागायतदारांनी ते घेतले, पण आधी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर त्यांनी पेन्सिलीने तोच आकडा आदल्या रात्रीच काढून ठेवला होता.